लंडनचं विमान आणि पारसचा कोळसा

महिन्याला 100 युनिट वीज लागणारं अकोल्यातलं घर डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून लंडनला एकदा उडालं, की एका माणसामागे त्या घराच्या दोन वर्षांच्या विजेच्या युनिटांइतकी उष्णता जळते. पटत नाही? मांडा हिशेब.

अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. साडेतीनशे आसनांचं मोठं बोइंग 777 तेवढ्यात 70 टनांच्या आसपास इंधन पितं. भरलेल्या विमानात माणशी 200 किलो झाले. एक किलो विमान-इंधनात 12 युनिट, म्हणजे 12 किलोवॅट-तास उष्णता असते. गुणाकार 2,400. आसनं रिकामी राहिली तर वाटेकरी कमी, म्हणून माणशी आकडा आणखी चढतो.

आता अमरावती एक्सप्रेस. इंजिनासकट साडेबाराशे टनांची गाडी धरा. हजार टन वजन एक किलोमीटर न्यायला साधारण 20 युनिट वीज लागते. मुंबईपर्यंतच्या 670 किलोमीटरला पावणेसतरा हजार युनिट लागतील. बाराशे प्रवाशांत वाटले, तर माणशी 14.

विमान माणशी किलोमीटरमागे एक तृतीयांश युनिट खातं आणि रेल्वे युनिटचा पन्नासावा भाग. म्हणजे सोळापट फरक, असं सांगून टाळ्या घेता येतील. पण तो हिशेब खोटा ठरेल. विमानाची आपण उष्णता मोजली, गाडीची मात्र तयार वीज. आपल्या पारसच्या केंद्रात जळणाऱ्या कोळशाच्या उष्णतेतली जेमतेम एक तृतीयांश वीज होऊन तारेत जाते, बाकी वाया. तारांतली गळती धरली तर गाडीचे 14 युनिट म्हणजे कोळशाचे 45. खरा फरक पाचपट. तोही काही थोडा नाही.

लंडनला रेल्वे जात नाही. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईला मी हा हिशेब ऐकवणार नाही. माझा प्रश्न बेलोऱ्याच्या विमानतळाचा आहे. 16 एप्रिल 2025 पासून तिथून मुंबईला एटीआर विमान सुरू झालं. आसनं सत्तरेक, एका खेपेला इंधन साधारण एक टन. भरलं तर माणशी 170 युनिट, अर्धं रिकामं गेलं तर 340. याच वाटेवर रात्री बसवून सकाळी उतरवणारी गाडी 45 मध्ये नेते.

तातडीच्या रुग्णासाठी विमान हवंच. पण सरकारी मदतीचा पैसा आधी कुठे जावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बडनेरा-अकोल्याहून मुंबईला रात्रीची आणखी एक गाडी द्या. प्रतीक्षा यादीत अडकलेल्या वऱ्हाडकरांनो, पुढच्या वेळी खासदार दारात आले की विमानाच्या आधी ती गाडी मागा.