वकीलसाहेबांचा रोजनामा

माझे रूम पार्टनर वकीलसाहेब अजून वकील झालेले नाहीत. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. सकाळी साडेसातला कॉलेज, अकरापासून शिवाजीनगर कोर्टात एका सिनियरकडे इंटर्नशिप, सहा ते नऊ झेरॉक्सच्या दुकानात नोकरी. उरलेल्या वेळात पाच विषय.

पहिला प्लॅन पाच रंगांत भिंतीवर लागला. रोज रात्री दहा ते एक अभ्यास. सोमवारी सव्वादहाला पुस्तक छातीवर होतं आणि साहेब घोरत होते. मग त्यांनी रात्र रद्द करून पहाट धरली. साडेपाच ते सात, सोमवार ते शनिवार. नऊ तास झाले. सगळ्या विषयांना समान वाटा द्यायला निघाले होते, जशी काही वडिलोपार्जित जमीन. पण एकट्या सीपीसीत 158 कलमं आणि वर 51 ऑर्डर! तिला सोमवार आणि गुरुवार अशा दोन पहाटा मिळाल्या. पुरावा, कंपनी, कामगार कायदा आणि मालमत्ता हस्तांतरण यांना एकेक.

गुरुवारची पहिली पंधरा मिनिटं पुस्तक बंद. सोमवारी वाचलेलं कोऱ्या कागदावर उतरवायचं आणि जे सुटेल ते लाल पेनाने लिहायचं. पहिल्या गुरुवारी ऑर्डर 39 चं 'तात्पुरता मनाई हुकूम' एवढंच काळ्या शाईत आलं, बाकी पान लाल. "पण वाचताना तर सगळं येत होतं रे," साहेब म्हणाले. वाचताना मलासुद्धा येतं, आणि मी बीकॉम आहे.

बुडालेल्या पहाटेची ते कोर्टासारखी नोंद ठेवतात. 'बुधवार. पुरावा कायदा हजर. विद्यार्थी गैरहजर. कारण, सिनियरची फाइल रात्री अकरापर्यंत. पुढील तारीख रविवार.' रविवारचे तीन तास अशा तारखांसाठीच मोकळे ठेवलेत. ऑर्डर 17 प्रमाणे सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाहीत, तोच नियम त्यांनी विषयांना लावला. कामगार कायद्याच्या तीन तारखा दुसऱ्याच महिन्यात संपल्या. चौथ्या वेळी साहेब पहाटे पाचला उठून तोंडावर पाणी मारताना दिसले.

परीक्षेच्या तोंडावर त्यांनी दुकानाच्या मालकांकडे आठ दिवसांची रजा मागितली, तीही ऑर्डर 39 च्या तीन कसोट्यांवर. प्रथमदर्शनी बाजू भक्कम आहे, परीक्षा आहेच. रजा नाकारली तर भरून न येणारं नुकसान, वर्ष जाईल. सोयीचं पारडंही माझ्याच बाजूला.

"मशीन कोण चालवणार?" मालकांनी विचारलं. "या आठ दिवसांत तुमच्याच कॉलेजची पोरं नोट्स काढायला रांग लावतात."

रात्री रोजनाम्यात नोंद झाली. 'सोयीचं पारडं प्रतिवादीकडे. अर्ज नामंजूर.' खाली बारीक अक्षरात, 'अपील मालकीणबाईंकडे.'