मी प्रिया, बोला काय मदत करू?

कुरुळीतल्या एका शेडमध्ये पत्रा कापून, वाकवून देतात. मालकांनी नुकतीच वेबसाइट केली. ती उघडली की अर्ध्या सेकंदात कोपऱ्यातून 'टुंग' होतं आणि कानाला हेडफोन लावलेली एक विलायती बाई म्हणते, "नमस्कार! मी प्रिया. आम्ही आपल्याला कशी मदत करू शकतो?" शेडमध्ये प्रिया नावाचं कुणी नाही. हेडफोन आहे, तो ग्राइंडरवाल्याचा, कान वाचवायचा.

भोसरीहून दर विचारायला आलेल्या परचेसवाल्याला ही बाई नेमकी मोबाइलवर भेटते, 'ड्रॉइंग पाठवा' या बटणावर ठाण मांडून. त्याने तिला उत्तर द्यायचं ठरवलंच, तर आधी नाव, मोबाइल, ईमेल. नंबर दिला की दिवाळीच्या शुभेच्छांपर्यंत पिच्छा सुटत नाही, हे त्याला ठाऊक असतं. तो फुली मारतो. मालक म्हणतात, "लोकांना इंटरेस्टच नाही."

आल्या माणसाला काय विचारायचं, हे गेटवरच्या वॉचमनला शिकवावं लागलं नव्हतं. तो टेम्पोवाल्याला "आपली काय सेवा करू?" विचारत नाही. विचारतो, "माल आणलाय की न्यायचाय?" एका शब्दात उत्तर देता येतं, गाडी आत.

मालकांच्या पुतण्याने अखेर बाईला निरोप दिला. चॅटचा खोका वीस सेकंदांनी आणि फक्त दराच्या पानावर येईल असं केलं, आवाज काढला आणि लिहिलं: "नुसतं कटिंग की बेंडिंगही? एमएस की एसएस, जाडी आणि नग लिहा. ड्रॉइंग इथेच जोडा. दर संध्याकाळपर्यंत इथेच कळवू. गुरुवारी बंद." नग विचारला, कारण मशीन लावायची मेहनत दहा नगांना तेवढीच आणि दोनशेंनाही तेवढीच, दर त्यावरच फिरतो. गुरुवार लिहिला, कारण या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी त्या दिवशी असते. प्रिया मात्र गुरुवारीही 'ऑनलाइन' असायची.

मालकांना ओळ रुक्ष वाटली. 'विश्वासाचं दुसरं नाव' घालायचं होतं. पुतण्याने त्यांना जुने निरोप दाखवले: "हाय", "हॅलो", "आहे का कोणी?" ग्राहकाचा पहिलाच निरोप असा असेल तर काय लिहावं हे त्याला कळलेलं नाही, म्हणजे ओळ फसली. शिवाय खोका किती जणांनी उघडला आणि त्यातल्या किती जणांनी काही लिहिलं, हेही बघायचं असतं. मालक फक्त उघडणारे मोजून पेढे वाटत होते.

नव्या ओळीनंतरचा पहिला निरोप: "कटिंग, बेंडिंग. एमएस 3 एमएम, 200 नग. ड्रॉइंग जोडलंय." बुधवारी दुपारी आला. शुक्रवारी सापडला. निरोप ज्या मोबाइलवर येतात तो ऑफिसच्या कपाटात चार्जिंगला होता आणि किल्ली मालकांकडे, लग्नाला, सांगलीत. 'संध्याकाळपर्यंत' हा शब्द काढून टाकावा असं आता मालकांचं म्हणणं आहे.