दाब काही येईना

बिघडलेल्या वस्तूंमध्ये हाताचा स्प्रे पंप सगळ्यांत ढोंगी. मिक्सर बिघडला तर निदान जळका वास सोडतो. या पंपाचा दांडा मात्र वर ओढा, खाली दाबा, तो विनातक्रार हलत राहतो. आपल्याला वाटतं काम चाललंय. मग खटका दाबावा, तर नोझलच्या टोकावर एक थेंब येतो, तिथंच विचार करत बसतो आणि शेवटी आपल्या पायावर पडतो.

आमच्या जास्वंदीवर मिलीबग पडला होता. कळ्यांच्या देठाशी कापूस चिकटवावा तसा. त्यावर कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा लिक्विड साबण. औषध तयार, पंप संपावर. बायको म्हणाली, "नवा आणा." घरातल्या कुठल्याही दुरुस्तीचं धैर्य मला या दोन शब्दांनीच येतं.

खरं तर दांडा बरंच काही सांगत असतो. आपोआप वर येऊ लागला तर पंपाच्या नळकांड्याच्या बुडाशी असलेली रबरी झडप गळते आहे. टाकीतली हवा तिथून परत येते. टाकीच्या गळ्यापाशी साबणाचे बुडबुडे आले तर झाकणाचा वायसर गेला. आमचा दांडा वरही येत नव्हता आणि बुडबुडेही नव्हते. तो नुसता सैल होता, आणि दाबताना दांड्याच्या बाजूनं वर बारीक 'फुस्स' व्हायचं. पंप टाकीतून काढला, बुडाचं भोक अंगठ्यानं घट्ट दाबलं आणि दांडा लोटला. हवेनं अडवायला हवं होतं. दांडा थेट तळाला जाऊन बसला. म्हणजे दोषी दट्ट्याची रिंग.

ती बाहेर काढून उजेडात धरली. नवी ओ-रिंग चहूबाजूंनी गोल असते. हिची बाहेरची कड घासून सपाट आणि चकचकीत झाली होती.

एवढ्यात शेजारचे काका आले. काकांकडे जगातल्या प्रत्येक गळतीवर एकच उतारा आहे: टेफ्लॉन टेप. "अहो, रिंगखाली खाचेत चार वेढे द्या, फुगेल मस्त." वेढे त्यांनीच दिले, चार म्हणता म्हणता बरेच. आता दांडा वर ओढताना हात भरून आला आणि सोडला की सप्पकन आत! काका खूश. "बघा, काय ताकद आलीय!" ताकद होती, पण टाकीत हवेचा कण जात नव्हता.

कारण ती खाच रिंगपेक्षा मुद्दाम रुंद ठेवलेली असते. दांडा खाली जाताना रिंग खाचेच्या वरच्या कडेला चिकटते आणि हवा कोंडते. वर ओढताना ती खाली सरकते आणि तिच्या बाजूनं नवी हवा नळकांड्यात शिरते. म्हणजे रिंगला थोडं सैल राहण्याचा अधिकार आहे. काकांनी तो टेपनं काढून घेतला होता. त्यांना हे पटलं नाही. "टेप स्वस्तातली असेल," म्हणाले.

मग बोहरी आळी. जुनी रिंग खिशात घेऊन गेलो, कारण 'मध्यम आकाराची द्या' असं म्हटल्यावर दुकानदार आपल्याकडे ज्या नजरेनं बघतो ती सोसवत नाही. त्यानं आतला व्यास आणि जाडी मापून जुळणारी काढून दिली. घरी येऊन खाच पुसली, रिंगेला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलं. टाकी दोन तृतीयांशच भरली. वर हवेला जागाच नसेल तर दाब कुठं साठणार? काही झटक्यांत दांडा जड झाला. मी विजयी मुद्रेनं खटका दाबला.

थेंब. तोच.

म्हणजे दुखणी दोन होती आणि पहिलं दुसऱ्याला झाकत होतं. दाब सोडून नोझल काढलं, पुन्हा पंप मारून खटका दाबला, तर जाड धार थेट खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर. निदान पक्कं: नळीच्या टोकाची जाळी साफ, नोझल तुंबलेलं. टँकरचं जड पाणी आणि साबण यांचा पांढरा चिकट साका, त्यात कडुनिंबाचं तेल. पितळी टोपीत लोणी भरल्यासारखं दिसत होतं. काका टाचणी घेऊन धावले. टाचणीनं भोक मोठं होतं, मग तुषार जाऊन पिचकारी उरते. मी टोपी आधी गरम साबणपाण्यात टाकली, कारण तेलाच्या थराखाली व्हिनेगर पोचत नाही. मग क्षारांसाठी व्हिनेगरमध्ये. भोकात टूथब्रशचा एक केस फिरवला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर जास्वंदीवर पानाच्या पाठीपर्यंत तुषार गेला. फवारणीनंतर साधं पाणी भरून तेही नोझलमधून काढून टाकलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी चादर घेऊन वर आल्या. काकांनी त्यांना सांगितलं, नळ गळत असेल, टेफ्लॉन लावा.