ओळ, ओळख आणि मोखाड्याची रेंज

आमचा भाचा मोखाडा तालुक्यात सरकारी नोकरीला आहे. खात्याचं नाव सांगत नाही, कारण त्या खात्यात तो एकटाच वेळेवर जातो आणि लगेच ओळखला जाईल. त्याच्यासाठी जव्हारचं एक स्थळ आलं. मुलगी शिक्षिका. चातुर्मास असल्यामुळे मुहूर्त बंद होते, पण मोबाइलला चातुर्मास लागू नसतो. नंबरांची देवाणघेवाण झाली आणि तिसऱ्या दिवशी रात्री मुलीचा पहिला मेसेज आला. नमस्कार नाही, जेवलात का नाही, गाण्याची फक्त एक ओळ. पुढे ना प्रश्नचिन्ह, ना ते पिवळं हसरं तोंड.

ती ओळ मी इथे छापणार नाही. एक तर तो दोघांचा खासगी व्यवहार आहे. दुसरं म्हणजे, छापली तर तुम्हीही कप बाजूला ठेवून ती ओळखायला बसाल आणि पुढचा मजकूर वाचणार नाही. आमच्या घरी नेमकं हेच झालं.

ओळ आली तेव्हा भाचा टेकडीवर होता. मोखाड्याच्या पाड्यांवर नोकरी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खोलीवर रेंज नाही, म्हणून जेवण झालं की टेकडीवर एका ठरलेल्या दगडापाशी जायचं. दिवसभराचे मेसेज तिथे एकदम पडतात: साहेबांचे अकरा, बँकेचे चार, सुप्रभाताचे नऊ आणि त्यांच्या तळाशी ही ओळ. पोरगं भिजत उभं राहिलं आणि त्याने ती थेट आईला पाठवली. इथे पहिली चूक झाली, पण ती संस्कारांची चूक असल्यामुळे माफ करू.

ताईने ओळ मोठ्याने वाचली आणि घराचं आकाशवाणी केंद्र झालं. ताई म्हणाली, आशाबाईंचं. भावजी म्हणाले, लताबाईंचं, आणि आवाज चढवला. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी ते भावगीत आहे, चित्रपटाचा काही संबंध नाही, असा निकाल दिला. ‘आपली आवड’ ऐकत वाढलेल्या पिढीचा हा दोष आहे. निवेदक आधी गीतकार, मग संगीतकार, मग गायक सांगणार, आणि वर फर्माईश करणाऱ्या पंधरा जणांची गावासकट नावं घेणार. नावनिशी लागल्याशिवाय गाणं सुरूच होत नाही, हे आमच्या कानांत पक्कं बसलंय. ओळ आली की आम्ही ती ऐकत नाही, तिचा सातबारा काढतो.

त्यात मेसेज होता इंग्रजी अक्षरांत लिहिलेला मराठी. त्या लिपीत काल, काळ, कळ आणि कल ही चारही मंडळी एकाच कपड्यात येतात. ताईने ‘काल’ वाचलं, मास्तरांनी ‘कळ’. काल वाट पाहिली म्हणणं वेगळं आणि काळजात कळ आली म्हणणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात डॉक्टरांकडे न्यावं लागतं.

भाच्याने मात्र काम चोख केलं, सरकारी माणूस आहे. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर गीत, संगीत, स्वर, चित्रपट अशी व्यवस्थित नोंद असते. ती त्याने काढली आणि रात्री पावणेअकरा वाजता दगडापाशी उभं राहून पुढीलप्रमाणे उत्तर धाडलं: गाण्याचे पहिले शब्द, चित्रपट, साल, गीतकार, संगीतकार, गायिका, राग. खाली एक टीप: ‘आपण पाठवलेली ओळ दुसऱ्या कडव्यातील असून तिच्यात एक शब्द चुकला आहे.’

दोन निळ्या खुणा झाल्या. मग शांतता. दुसऱ्या दिवशी सकाळी जव्हारहून एकच शब्द आला: ‘धन्यवाद.’

आता या प्रकरणाची रीतसर चौकशी करू. पहिला मुद्दा: ओळ कडव्यातली होती. धृपद पाठवणाऱ्याला तुमची परीक्षा घ्यायची नसते, ते रिक्षावाल्यालाही पाठ असतं. दुसऱ्या कडव्यातली तिसरी ओळ काढून पाठवणारी व्यक्ती ते गाणं पूर्ण ऐकत आलेली असते, आणि त्या एकाच ओळीवर तिचं कुठेतरी अडलेलं असतं. तिला गाणं पाठवायचं असतं तर तिने गाणंच पाठवलं असतं, तेवढा नेट जव्हारमध्ये आहे.

दुसरा मुद्दा आपल्याच भाषेने फुकट दिलेला आहे, आणि तो कुणी पाहत नाही. मराठी क्रियापद अनेकदा बोलणाऱ्याचं लिंग लपवू शकत नाही. ‘मी थांबलो’ आणि ‘मी थांबले’ यांत बोलणारा उघडा पडतो. बाईने पाठवलेल्या ओळीत क्रियापद पुरुषाचं असेल तर ती एक तर गाणं आठवतेय, किंवा ते तुमच्या तोंडी घालून पाहतेय. क्रियापद बाईचं असेल तर गाणं बाजूला ठेवा, बाई स्वतः बोलतेय. आमच्या केसमधलं क्रियापद स्वच्छ स्त्रीलिंगी होतं. त्या ओळीत पाऊस होता, आणि कुणीतरी दाराशी उभी होती. जव्हारला त्या रात्री धो धो पाऊस होता. भाच्याने साल ओळखलं, राग ओळखला, पाऊस तेवढा ओळखला नाही. तो स्वतः त्यातच उभा होता.

‘पण ओळखण्यात वाईट काय? अज्ञानी दिसू का?’ असं भाचा मला विचारत होता. वाईट काही नाही, धोका आहे. ओळख चुकली तर काय होतं याचा दाखला पॅरिसचा आहे. एदुआर-लेऑन स्कॉट नावाच्या गृहस्थाने 9 एप्रिल 1860 रोजी एका फ्रेंच लोकगीताचा तुकडा काजळी फासलेल्या कागदावर रेघांच्या रूपात उमटवला. माणसाच्या आवाजाची आज ऐकता येणारी ही सगळ्यांत जुन्या नोंदींपैकी एक. ऐकवायची सोय तेव्हा नव्हतीच, स्कॉटला आवाज फक्त डोळ्यांनी पाहायचा होता. 2008 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी संगणकाच्या मदतीने त्या रेघांना वाचा फोडली, आणि आत एक मुलगी गातेय असं जाहीर झालं. जगभर बातमी झाली. पुढच्या वर्षी लक्षात आलं की वेग दुप्पट धरला गेला होता. वेग निम्मा केल्यावर मुलगी गायब झाली आणि चाळिशी ओलांडलेले स्कॉटसाहेब स्वतः सावकाश गाताना सापडले. गाणं बरोबर ओळखलं होतं, फक्त माणूस चुकला. स्थळांच्या बाबतीत हा अनुभव आपल्याकडेही अनेकांना आहे.

आणि उलट बाजूही ऐका. ‘साधी माणसं’ या 1965 च्या चित्रपटाचं संगीत ‘आनंदघन’ यांचं. राज्य पुरस्काराच्या सोहळ्यात आनंदघनांचं नाव पुकारलं गेलं आणि कुणी उठेना. लताबाई सभागृहात शांत बसून होत्या. शेवटी निवेदकाने सांगून टाकलं की आनंदघन म्हणजे याच, असा तो किस्सा सांगतात. भालजी पेंढारकरांच्या त्या चित्रपटातली गाणी तोवर महाराष्ट्राच्या तोंडी झालीच होती, चाल कुणाची हे ठाऊक नसताना. निवेदकाने आगाऊपणा केला नसता तर गाण्यांचा एक सूरही बिघडला नसता.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. म्हणजे सांगायला सुरुवात केली, पॅरिसपर्यंत पोचलो आणि रेंज गेली. त्याला खरी दिशा दाखवली त्याच्या कार्यालयातल्या शिपाईकाकांनी. काका तिथलेच, वारली. त्यांना प्रकरण कळलं तसे ते म्हणाले, ‘साहेब, तारपावाला चाल बदलतो तेव्हा ओरडून सांगतो का, आता ही चाल वाजवतोय म्हणून? चाल बदलली की पाय बदलायचा. ज्याला पाय बदलता येत नाही तो विचारत बसतो.’

तारपा ज्यांनी पाहिलाय त्यांना काका काय म्हणतात ते कळेल. दुधी भोपळ्याचं आणि बांबूचं ते वाद्य. वाजवणारा मधे, एकमेकांच्या कमरेला हात घातलेली पोरापोरींची साखळी त्याच्याभोवती. तो दम न तोडता वाजवत राहतो. प्रत्येक चालीची पावलं वेगळी. ओळखलं की नाही हे पायांवरून कळतं, तोंडावरून नाही. अशा प्रदेशात नोकरीला राहून भाच्याने रागाचं नाव कळवलं.

काका पुढे बोहाड्यावर आले. मोखाड्याकडचा बोहाडा म्हणजे लाकडी मुखवट्यांची सोंगं, रात्ररात्र चालणारी. मुखवट्याआड कोण आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असतं, सकाळीच तो रेशनच्या रांगेत पुढे उभा असतो. पण देवाचं सोंग समोर आलं की माणसं हात जोडतात. ‘हा आमचा अमका’ असं तिथे कुणी ओरडलं तर लोक त्याला बाहेर काढतील, आणि ते बरोबरच आहे. भाच्याने भर बोहाड्यात मुखवटा उचलून आत कोण आहे ते वाचून दाखवलं, वर लाकूड कोणत्या झाडाचं तेही सांगितलं.

तेव्हा माझा निकाल असा: ओळ जरूर ओळखावी, आणि ओळखल्याचं पोटात ठेवावं. उत्तर ओळीतल्या गोष्टीला द्यावं. पाऊस असेल तर पावसाचं, दार असेल तर दाराचं. अगदीच राहवत नसेल तर त्याच गाण्यातली पुढची ओळ पाठवावी. तिच्यात ओळखल्याची पावतीही येते आणि शिक्का मारल्यासारखंही वाटत नाही. ओळ ओळखता आलीच नाही तर ‘कुठलं गाणं?’ असं सरळ विचारावं. विचारलं की समोरच्याला सांगायला मिळतं, आणि बोलणं दुसऱ्या मेसेजवर जातं. सगळ्यांत वाईट उत्तर म्हणजे बरोबर उत्तर. त्यानंतर बोलायला काही शिल्लक राहत नाही. शुद्धलेखनाची टीप तर शत्रूलाही पाठवू नये, शिक्षिकेला तर नाहीच.

एक सुधारणाही सुचवतो. वधू-वर सूचक मंडळांच्या अर्जात उंची, पगार आणि नाडीच्या खाली एक रकाना असावा: ‘गाण्याची ओळ आल्यास आपण काय कराल?’ ज्याने त्या रकान्यात संगीतकाराचं नाव लिहिलं, त्याचा अर्ज पुढच्या चातुर्मासापर्यंत बाजूला ठेवावा.

भाच्याने काकांचं ऐकलं. परवा रात्री पाऊस उघडल्यावर तो दगडापाशी गेला आणि गायक, साल, राग काहीही न लिहिता पुढची ओळ पाठवली. काल दुपारपर्यंत त्या ओळीखाली एकच खूण होती, कारण जव्हारला वीज नव्हती आणि टॉवरही झोपला होता. संध्याकाळी दुसरी खूण आली. रात्री उत्तर आलं. त्यात गाणं नव्हतं. ‘रविवारी आमच्याकडे बाजार असतो, येणार आहात का?’ एवढंच होतं.

भाच्याने ते वाक्यही आईला पाठवलंय. ताई सकाळपासून ते कोणत्या गाण्यातलं आहे ते शोधतेय. वाचकांना विनंती आहे की कुणीही तिला मदत करू नये.