सात दिवस, साडेतीन तिकिटे आणि दोन म्हशी

सहकुटुंब सहलीचा खर्च काढायला बसण्यापूर्वी घरातल्या सर्वात आशावादी माणसाला शेतावर पाठवावे. आमच्या घरी हा मान माझ्याकडे असतो. "तीसेक हजारात भागतंय की," असे मी म्हणालो होतो. आमच्या ईट गावच्या पारावर कुणीही कोणत्याही गोष्टीचा खर्च विचारला तरी मी हाच आकडा सांगतो. मग बायकोने मुलाची जुनी वही काढली, आणि पुढचे सगळे शास्त्र त्या वहीतून निर्माण झाले.

मंडळी सहा. मी, बायको, आई, वडील, चौदा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा. वाट ठरली ती अशी : ईटहून भूम, बार्शी, पंढरपूर, मिरज करत कोल्हापूर, तिथून आंबा घाटाने गणपतीपुळे, मग मालवण, आणि फोंडा घाट चढून परत. सात दिवस, सहा रात्री, अंदाजे बाराशे किलोमीटर.

पहिला धडा गाडीचा. भाड्याची सात आसनी गाडी किलोमीटरला तेरा रुपये, असे मालकाने सांगितले. बाराशे गुणिले तेरा, म्हणजे पंधरा हजार सहाशे. येथे नवशिका माणूस हिशेब मिटून चहा मागवतो. जाणत्याने मात्र त्याच वेळी विचारावे, "रोजचे किमान किलोमीटर किती?" उत्तर आले, तीनशे. याचा अर्थ असा, की गाडी मालवणात दिवसभर माडाखाली उभी राहिली आणि ड्रायव्हर गाढ झोपला, तरी ती कागदावर तीनशे किलोमीटर पळते. सात दिवसांचे झाले एकवीसशे किलोमीटर, रुपये सत्तावीस हजार तीनशे. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता रोजचा पाचशे, म्हणजे साडेतीन हजार. टोल आणि पार्किंग आपल्याकडेच. किलोमीटरही मालकाच्या दारापासून दारापर्यंत मोजतात. गाडी भूमहून रिकामी आली तरी त्या रिकामेपणाचे पैसे आपण भरतो. ज्यांना रोज उठून नवे गाव गाठायचे आहे त्यांना ही गाडी परवडते. आम्हाला मात्र समुद्राकडे बघत बसायचे होते, आणि बसणे फार महाग पडते.

म्हणून एसटी. साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने लागते, टप्प्याला साधारण दहा रुपये. बाराशे किलोमीटरचे दोनशे टप्पे, म्हणजे एका पूर्ण तिकिटाला दोन हजार. आता खरी गंमत. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट, त्यामुळे बायको, आई आणि मुलगी अर्ध्यात. मुलगा बाराच्या आतला, तोही अर्ध्यात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, आणि वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सहा माणसे तीन तिकिटांत! मी वहीवर हे वाक्य दोनदा गिरवले.

तेवढ्यात बायकोने आधार कार्ड आणले. त्यावर वडिलांची जन्मतारीख १ जून, आणि वर्षावरून वय त्र्याहत्तर. त्या काळी गुरुजींनी जून महिन्यात हाताला लागलेली सगळी पोरे १ जूनला जन्माला घातली होती, आणि वर्षही मनाने टाकले होते. कंडक्टरपुढे खरे वय चालत नाही, कागदावरचे चालते. वडील मोफतातून अर्ध्यात आले आणि साडेतीन तिकिटांचे सात हजार झाले. सत्तर वर्षांपूर्वीच्या आळसाचे हे हजार रुपये वहीत 'शैक्षणिक खर्च' म्हणून टाकावेत.

याच टप्प्यावर कुणीतरी सात दिवसांच्या 'आवडेल तेथे प्रवास' पासची आठवण काढते. पास एकट्या, पूर्ण तिकिटाच्या, पायाला भिंगरी लागलेल्या माणसाने जरूर घ्यावा. अर्ध्या तिकिटाच्या माणसाला तो तोट्यात टाकतो. आणि मेहुणी म्हणेल, "इतकं गेलाच आहात तर गोवा करा." तिला सांगावे, की सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, हद्द ओलांडली की बायको पूर्ण तिकिटाची होते. एसटी समुद्रावर नेऊन सोडत नाही, म्हणून रिक्षांचे तीन हजार जोडावेत. प्रवास एकूण दहा हजार. गाडीपेक्षा वीस हजार वाचले, त्या बदल्यात बार्शीच्या स्टँडवर सहा पिशव्या मोजत उभे राहावे लागेल. पिशव्या प्रत्येक वेळी पाचच भरतात.

मुक्काम सोपा वाटतो. अठराशेची खोली, दोन खोल्या, सहा रात्री : एकवीस हजार सहाशे, वर पाच टक्के जीएसटी. पण लॉजवाला रात्री मोजत नाही, त्याचा दिवस मोजतो. मागच्या एका सहलीत आम्ही पहाटे चारला एका गावी उतरलो आणि लॉजवर जाऊन आडवे झालो. दहाला दारावर टकटक झाली : "दिवस संपला." सहा तासांच्या झोपेला पूर्ण दिवसाचे भाडे. तेव्हापासून आमच्या वहीत पहिले कलम हे आहे, की खोली चोवीस तासांची की ठराविक वेळेची, हे पिशवी खांद्यावरून उतरवण्याआधी विचारावे. आणि जादा गादी फुकट आहे का, हे लगेच त्यानंतर. रात्रीच्या बसने एक मुक्काम वाचतो, असे सांगणारा माणूस पहाटे चार ते दहा कुठे बसतो, हेही त्याला विचारावे.

जेवणाचे फार लांबवत नाही. पहिल्या दिवसाला धपाटी आणि शेंगाची चटणी घरून. उरलेल्या सहा दिवसांत नाश्ता आणि दोन वेळची थाळी मिळून माणशी साडेतीनशे, म्हणजे बारा हजार सहाशे. चहाला मात्र स्वतंत्र पान द्यावे. सहा माणसे, चार वेळा, पंधरा रुपये, सात दिवस : अडीच हजार. "एक एक चहा घेऊ" या वाक्याइतके महाग वाक्य प्रवासात दुसरे नाही. आई माळकरी, त्यामुळे मालवणात मासे खाणाऱ्यांना तिच्या नजरेची भरपाई आइस्क्रीमने करावी लागते. तेही तिथेच धरले आहे.

आता अचानक खर्च. मागच्या सहलीतले अचानक खर्च आठवून लिहिले, तर बहुतेकांत अचानक काहीच नव्हते. घाटात मुलगा ओकणार हे माहीत होते. मुले बोटीत बसण्यासाठी रडणार हे माहीत होते. गल्लीतली बारा घरे काजूची वाट बघणार हेही माहीत होते, कारण आपणच त्यांचे काजू खाल्लेले असतात. ज्याला नाव देता येते ते अचानक नव्हे. घरामागे अडीचशेचे काजू म्हणजे तीन हजार, बोटीला तीन हजार, औषध-धुलाईला पाचशे, असे सरळ मांडावे. यानंतर जे उरते त्यासाठी दोन हजार आईच्या कनवटीला बांधावेत. तिथून पैसे निघायला खरेच कारण लागते.

बेरीज आली छप्पन्न हजार तीनशेच्या आसपास. माझ्या तीस हजारांकडे कुणी बघितलेही नाही. वही मिटणार, तोच वडिलांनी खाकरून विचारले, "आन् म्हशी?"

हे कलम कोणत्याही सहल कंपनीच्या पत्रकात सापडणार नाही. आमच्या दोन म्हशींचे दूध खव्याच्या भट्टीला जाते. आठवडाभर धारा काढायला माणूस लावला तर रोजचे तीनशे, म्हणजे एकवीसशे. शिवाय वडिलांखेरीज दुसऱ्याच्या हाताला म्हैस पान्हा सोडत नाही. दिवसाला चार लिटर दूध चोरणार. पन्नासने दोनशे रुपये, आठवड्याचे चौदाशे. एकूण साडेतीन हजार घरी बसून खर्च. बेरीज गेली साठ हजारांच्या तोंडाशी.

वडिलांनी वही हातात घेतली, एसटीचे पान काढले, बोटाने ओळी मोजल्या. मग चष्मा काढत म्हणाले, "म्हशींना अर्धं तिकीट लागतंय का बघ की. दोन्ही बायाच हाईत."