रबराची बदनामी

आमच्या बुलढाण्यात सकाळी नऊच्या सुमारास कोणत्याही गल्लीतून चालत गेलं की कोणाच्या घरी काय चाललंय हे खिडकीत न डोकावता कळतं. चार शिट्ट्या झाल्या तर वरण. सहाच्या वर गेल्या तर हरभरा, नाहीतर पाहुणे. आणि शिट्टीच नाही, नुसतीच लांबलचक फुस्स फुस्स चालली असेल तर त्या घरात भांडण ठरलेलं. झाकणातून वाफ सुटतेय, डाळ कच्ची आहे आणि घरधन्याची एसटी पावणेदहाची आहे.

अशा वेळी निकाल लगेच लागतो. "रबर गेलं वं माय!" गल्लीत कोणाचीही काच फुटली तरी ज्या एका गरीब पोराचा कान पकडतात, त्या पोराचं नशीब घेऊन गॅस्केट जन्माला आलंय. चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही, सरळ बदली.

आमच्या शेजारच्या काकूंकडे गेल्या पावसाळ्यात हेच चाललं होतं. वरून झाकण बसणारा पाच लिटरचा अॅल्युमिनियमचा कुकर. दर दोन-तीन महिन्यांनी नवं रबर यायचं, चार दिवस बरं चालायचं आणि पुन्हा फुस्स. काकांचं म्हणणं, हल्लीच्या रबरात दम नाही. काकूंचं म्हणणं, काका दुसऱ्याच कंपनीचं रबर आणतात. काकूंच्या म्हणण्यात तथ्य होतं. पाच लिटरचं म्हणून कोणतंही पाच लिटरचं रबर चालत नाही. कंपनी बदलली की घेर आणि जाडी बदलते. दुकानात जाताना जुनं रबर आणि झाकण दोन्ही पिशवीत घालून न्यावं, यात कसलाही कमीपणा नाही.

पण रबर कंपनीचंच आणलं तरी फुस्स थांबली नाही. तेव्हा बाजार लाईनमधल्या कुकर दुरुस्तीवाल्या मामांनी झाकण हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, "वाफ कुठून जाते?"

"झाकणातून!" काका म्हणाले.

"झाकणाच्या कोणत्या अंगानं?"

हे कोणी पाहिलंच नव्हतं. मामांनी गृहपाठ दिला. रबरावर पेनानं एक खूण करायची, कुकर लावायचा, वाफ सुटते ती जागा लक्षात ठेवायची. कुकर थंड झाला की रबर झाकणातच अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावायचा. रबराबरोबर वाफेची जागाही फिरली तर दोष रबराचा. जागा तिथंच राहिली तर रबर निर्दोष, मग झाकण नाहीतर भांडं पाहायचं.

काकूंकडे रबर फिरलं, वाफ मात्र मुठीच्या डाव्या बाजूलाच ठाम उभी. रबराची निर्दोष मुक्तता झाली. मग झाकण तपासलं. मुठीचा स्क्रू ढिला असेल तर झाकण भांड्यावर घट्ट दाबलं जात नाही, पण स्क्रू पक्का होता. राहिलं भांडं. ते धुऊन, पुसून, रात्री दिवा मालवून कडप्प्याच्या ओट्यावर पालथं ठेवलं आणि आत मोबाईलची बत्ती लावली. काठ सगळीकडून ओट्याला टेकला असता तर उजेड बाहेर आलाच नसता. इथं डाव्या बाजूला बोटभर लांबीची उजेडाची रेघ दिसली. काठ तिथं दबला होता.

मामा म्हणाले, "रबराले काहून दोष देता भाऊ? तुमच्या पळीले इचारा."

वरण घोटून झालं की पळी कुकरच्या काठावर टण्‌टण् आपटून झटकायची, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हात तोच, उभं राहायची जागा तीच, म्हणून मारही रोज त्याच जागी. अॅल्युमिनियम मऊ, ते किती सोसणार? मामांनी लाकडी ठोकणीनं हळूहळू काठ सपाट केला. बाक थोडा असला तरच हे जमतं. चीर गेली असेल किंवा बुडाला फुगवटा आला असेल तर तो कुकर भंगारातच द्यावा, असंही त्यांनी बजावलं. दुरुस्तीवाल्यानं दुरुस्तीला नाही म्हटलं की ऐकावं.

आता कोणी म्हणेल, थोडी वाफ गेली तर काय बिघडलं? सुरुवातीला, दाब धरेपर्यंत, थोडी वाफ जाणारच. पण ती जातच राहिली तर दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे डाळ शिजत नाही. बुलढाणा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच. उघड्या पातेल्यात पाणी इथं 98 अंशांच्या जवळपासच उकळतं, राजूर घाट उतरून मलकापूरला गेलात तर थोडं जास्त. शिट्टीचं वजन चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब आत धरून ठेवतं, तेव्हा पाणी 120 अंशांच्या जवळ जातं आणि तूर नरमते. झाकणच गळत असेल तर तुमचा कुकर म्हणजे नुसतं महागडं पातेलं. दुसरी गोष्ट अधिक वाईट. वाफेबरोबर पाणी निघून जातं, शिट्टी होत नाही म्हणून बाई गॅस बंद करत नाही आणि बूड कोरडं तापतं. मग सेफ्टी व्हॉल्व वितळतो.

या व्हॉल्वमध्ये कमी तापमानाला वितळणारा धातू असतो. शिट्टीची नळी तुंबून दाब वाढला किंवा पाणी आटलं की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. म्हणजे कुकर फुटू नये म्हणून तो स्वतः मरतो. डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं 1679 मध्ये लंडनला पहिलं दाबाचं भांडं केलं, त्यालाही वजन लावलेली झडप होतीच. झडपेवाचून वाफ कोंडायची हिंमत त्यानंही केली नाही. आपल्याकडे मात्र व्हॉल्व उडाला की त्याचं भोक डाग देऊन बुजवणारे धाडसी लोक सापडतात. असं करू नये. त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व बसवावा आणि त्याआधी जुना का उडाला ते शोधावं.

बहुतेक वेळा उत्तर नळीत सापडतं. तुरीच्या डाळीला फेस येतो आणि फेसाबरोबर सालपट वर चढून नळीत बसतं. कुकर डाळीनं अर्ध्याच्या वर भरू नये, चमचाभर तेल टाकावं म्हणजे फेस आटोक्यात राहतो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यातल्या बायांना आणखी एक काम. तिथल्या बोअरच्या पाण्याचा पांढरा खार नळीत आणि शिट्टीच्या बुडाशी साचतो. लिंबाच्या पाण्यात भिजवून तो काढावा. आणि पाणी कोणतंही असो, कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का ते रोज पाहावं. नसेल तर बारीक तार घालावी.

रबराचं म्हणाल तर रोज काढून धुवावं, कोरडं करावं आणि रात्री झाकण भांड्यावर घट्ट लावून ठेवू नये. कडक झालं, चिरलं किंवा ताणून सैल झालं की मुकाट्यानं बदलावं. फ्रीजमध्ये ठेवून ते घट्ट होतं खरं, पण ती एका दिवसाची उधारी.

तेव्हा वाफ सुटली की आधी ती कुठून सुटते ते पाहा, मग दुकानात जा. आणि पळी झटकायचीच असेल तर ताटलीत झटका.