हप्ता कुणी भरला होता?

भरपाईच्या दाव्यात उलटतपासणीचा एक प्रश्न ठरलेला असतो : "एलआयसीचे किती मिळाले?" विचारणारा वकील ट्रकच्या विमा कंपनीचा असतो. उत्तर देणारी असते नवरा गमावलेली बाई. ती खरा आकडा सांगते आणि हा आकडा भरपाईतून वजा करा, अशी मागणी पुढे येते.

का वजा करायचा?

हिशेबच मांडू. समजा, स्वतःचं छोटं गॅरेज चालवणारा 38 वर्षांचा माणूस ट्रकखाली गेला. चूक पूर्णपणे ट्रकवाल्याची. महिन्याची कमाई 20 हजार. पुढे वाढली असती म्हणून 40 टक्के धरले, झाले 28 हजार. मागे बायको, दोन मुलं आणि आई. चार जण अवलंबून म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, उरले 21 हजार. वर्षाचे 2 लाख 52 हजार. या वयाला गुणक 15. कुटुंबाचं कमाईचं नुकसान झालं 37 लाख 80 हजार.

त्याची 10 लाखांची पॉलिसी होती. ती वजा केली की उरतात 27 लाख 80 हजार.

हे 10 लाख कुणाचे वाचले? ट्रकवाल्याच्या बाजूचे. आणि त्यासाठीचे हप्ते कुणी भरले होते? मेलेल्या माणसाने.

सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न 1998 मध्येच निकाली काढला. दावा आपल्याच एस.टी. महामंडळाविरुद्धचा, रिबेलो खटला म्हणून वकिलांना पाठ असलेला. न्यायालय म्हणालं, आयुर्विमा हे हप्ते भरून केलेल्या कराराचं फळ आहे. माणूस अपघाताने गेला काय, आजाराने गेला काय, पैसे मिळणारच होते. मुदतीपर्यंत जगला असता तर त्यालाच मिळाले असते. अपघाताशी त्या पैशांचा संबंध काय? मोटार वाहन कायदा 'न्याय्य' भरपाई द्या म्हणतो, आणि मृताच्या काटकसरीवर दोषी माणसाने हात मारणं न्याय्य नाही.

तरीही उलटतपासणीतला तो प्रश्न गेलेला नाही.

पुढचा वाद मेडिक्लेमचा, आणि तो जरा अवघड आहे. इस्पितळाचं बिल 4 लाख, मेडिक्लेमने ते फेडलं. मग तेच बिल पुन्हा ट्रकवाल्याकडून का? एकाच खर्चाचे दोनदा पैसे होत नाहीत का? हा आक्षेप पोकळ नाही, न्यायाधीशांमध्येही त्यावर मतभेद होते. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने उत्तर दिलं : मेडिक्लेमची रक्कम वजा होणार नाही. तीही हप्ते भरून विकत घेतलेली आहे.

मला हे पटतं. दोघांपैकी कुणाचा तरी फायदा होणारच असेल, तर तो हप्ता भरणाऱ्याचा व्हावा. धडक देणाऱ्याचा का?

आणि नातेवाइकांनी दिलेलं, तेही वजा करायचं? मामाने दवाखान्यासाठी 50 हजार दिले, गल्लीने वर्गणी काढली. मामाने ते भाच्याला दिले की ट्रकवाल्याला?

उत्तर आयर्लंडमधल्या एका रेल्वे कंपनीने 1947 मध्ये नेमका हाच युक्तिवाद केला होता. अपघातानंतर लोकांनी जखमींसाठी निधी जमवला. बेलफास्ट अँड काउंटी डाउन रेल्वे म्हणाली, तो आमच्या देण्यातून वजा करा. न्यायालयाने नकार दिला. पैसे लोकांनी जखमींसाठी दिले होते, रेल्वेसाठी नाही.

मदत नेहमी पैशांतच येते असंही नाही. इंग्लंडमध्ये 1973 च्या एका खटल्यात जखमी मुलाच्या आईने नोकरी सोडून त्याची शुश्रूषा केली. तिने मुलाकडे पैसे मागितले नव्हते, म्हणून द्यायला नकोत, असा बचाव झाला. तो टिकला नाही. मुलाला शुश्रूषेची गरज पडली, हेच नुकसान. आपल्याकडे आईने केलं, बहिणीने केलं, ते दाव्यात लिहिलंच जात नाही.

लिहा. कुणी, किती महिने, कोणतं काम सोडून.

एक मर्यादा मात्र खरी आहे. हरियाणात सरकारी नोकर दगावला तर 2006 च्या नियमांनुसार कुटुंबाला काही वर्षं त्याचा पगार-भत्ता चालू राहत असे. तेवढी रक्कम कमाईच्या नुकसानीतून वजा होईल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ठरवलं. पगार चालूच असेल तर तेवढा पगार बुडाला कुठे? पण त्याच निकालाने कुटुंब निवृत्तिवेतन, आयुर्विमा आणि भविष्य निर्वाह निधीला हात लावू दिला नाही.

म्हणून पॉलिसी लपवू नका, खरा आकडा सांगा. मेडिक्लेमकडे मूळ बिलं देण्याआधी साक्षांकित प्रती काढून ठेवा. लोकअदालतीत तडजोडीचा आकडा पुढे आला की आधी विचारा, यातून काय वजा केलंय? आणि न्यायाधिकरणाने विम्याची रक्कम कापलीच, तर उच्च न्यायालयात अपिलाला 90 दिवस असतात.